एव्हरेस्टच्या माथ्यावर हवा किती?

हवा पाण्यासारखी असती, म्हणजे कितीही दाब दिला तरी आकसली नसती, तर मुंबईच्या किनाऱ्यापासून सुरू होणारा हवेचा थर साधारण ८,७८० मीटरवर संपला असता. त्यापुढे काहीच नाही, निव्वळ पोकळी. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे. त्या हिशेबाने शिखराचा शेवटचा सत्तरेक मीटरचा भाग वातावरणाच्या बाहेर राहिला असता.

प्रत्यक्षात ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघे प्राणवायूचं नळकांडं न घेता त्या माथ्यावर उभे राहिले आणि जिवंत खाली आले. हवा तिथे आहे. थोडी आहे, पण आहे. किती आहे, हे शिखरावर पाऊल न ठेवता कागदावर काढता येतं. त्यासाठी भौतिकशास्त्रातल्या दोनच गोष्टी लागतात आणि दोन्ही आपण अकरावी-बारावीत शिकलेल्या असतात. मात्र त्या गणितात एक अक्षर असं आहे, की ते चुकलं तर माणूस तिथे नळकांड्याविना जगू शकतो की नाही, याचं उत्तरच डळमळू लागतं. हा लेख त्या अक्षरापर्यंत पोचण्यासाठी आहे.

सुरुवात किनाऱ्यावरून करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा हवेचा एक ठोकळा मनात आखून घ्या. हवेचं तापमान २७ अंश सेल्सिअस धरू. या ठोकळ्यातल्या हवेचं वस्तुमान साधारण १.१८ किलो भरतं. हवा वजनदार असते हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण घरातल्या एका बेताच्या खोलीत तीसचाळीस किलो हवा असते हे सहसा लक्षात येत नाही.

आता हा ठोकळा खाली का पडत नाही? सव्वा किलोच्या आसपासची वस्तू अधांतरी आहे, तिला कोणी धरलेलं नाही. उत्तर असं, की त्याच्या खालच्या बाजूची हवा त्याला वर ढकलते आणि वरच्या बाजूची हवा खाली दाबते, पण खालचा रेटा वरच्यापेक्षा किंचित जास्त असतो. हा फरक ठोकळ्याच्या वजनाएवढाच असतो. जास्त असता तर ठोकळा वर उसळला असता, कमी असता तर खाली आला असता. पुस्तकात याला द्रवस्थितिक संतुलन म्हणतात. सूत्रात ते असं लिहितात:

dP = −ρ g dh

P म्हणजे दाब, ρ म्हणजे हवेची घनता, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण आणि h म्हणजे उंची. उणे चिन्ह इतकंच सांगतं, की वर जावं तसा दाब घटतो. आपल्या ठोकळ्याला हे लावलं, तर १.१८ किलोचं वजन साधारण ११.५ न्यूटन होतं आणि ते एक चौरस मीटरवर पडतं. म्हणून एक मीटर वर गेलं की दाब ११.५ पास्कलने कमी होतो. किनाऱ्यावरचा एकूण दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल. त्याला ११.५४ ने भागलं की ८,७८० येतात. लेखाच्या सुरुवातीचा आकडा इथूनच आला: दर मीटरला दाब इतकाच घटत राहिला असता, तर ८,७८० मीटरवर तो शून्य झाला असता.

पण तो इतकाच घटत राहत नाही, आणि याचं कारण दुसऱ्या गोष्टीत आहे. आदर्श वायूचा नियम सांगतो, की तापमान तेच राहिलं तर वायूची घनता त्याच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात बदलते. दाब निम्मा, तर घनता निम्मी. सूत्ररूपात:

P = ρ R T / M

इथे T म्हणजे केल्विनमधलं तापमान, M म्हणजे हवेचा रेणुभार (एका मोलला सुमारे २८.९६ ग्रॅम) आणि R हा वायुस्थिरांक. म्हणजे तुम्ही उंचावर जिथे दाब निम्मा आहे तिथे तोच एक मीटरचा ठोकळा आखलात, तर त्यात ०.५९ किलोच हवा सापडेल. तिचं वजन निम्मं, म्हणून तिथे एक मीटर चढल्यावर दाबातली घटही निम्मी. घट निम्मी आणि ज्यातून घट होते तो दाबही निम्मा. म्हणजे प्रमाण तेच राहिलं! किनाऱ्यावर एक मीटर चढताना दाबाचा ८,७८० वा हिस्सा जात होता. तिथे वरही, जो काही दाब उरला आहे त्याचा ८,७८० वा हिस्साच जातो.

बँकेतल्या चक्रवाढ व्याजाचं हेच गणित आहे, फक्त उलट्या दिशेने. तिथे दर वर्षी शिल्लक रकमेचा ठरावीक हिस्सा वाढतो, इथे दर मीटरला शिल्लक दाबाचा ठरावीक हिस्सा कमी होतो. म्हणून रक्कम कधीच शून्याला टेकत नाही. ८,७८० मीटर चढून गेलात, म्हणजे ८,७८० वेळा ८,७८० वा हिस्सा गमावलात, तर हातात काय उरतं? कॅल्क्युलेटरवर (१ − १/८७८०) या संख्येचा ८,७८० वा घात काढून पाहा. उत्तर ०.३६८ येतं, म्हणजे मूळ दाबाच्या सुमारे ३७ टक्के. गणितात e म्हणून जी संख्या आहे, २.७१८, तिने एकाला भागलं की हेच उत्तर मिळतं. हा योगायोग नाही. जे काही आपल्याच शिल्लकीच्या प्रमाणात घटतं, त्याच्या हिशेबात e येतोच.

वरची दोन सूत्रं एकमेकांत घातली, ρ काढून टाकला आणि किनाऱ्यापासून h उंचीपर्यंत बेरीज केली की हे मिळतं:

P = P₀ e^(−h/H), H = RT / Mg

P₀ हा तळाचा दाब. H ही आपली ८,७८० मीटरची उंची, आणि तिचं सूत्र पाहिलं की तिच्यात काय आहे आणि काय नाही हे कळतं. तिच्यात तळाचा दाब नाही. वायुस्थिरांक, हवेचा रेणुभार आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीवर जवळपास सगळीकडे सारखेच आहेत. एव्हरेस्टवर g किनाऱ्यापेक्षा जेमतेम पाव टक्क्याने कमी भरतो. बदलणारं अक्षर एकच: T. मला या सगळ्या विषयात याच अक्षराविषयी बोलायचं आहे. बेरीज करताना आपण गृहीत धरलं, की तळापासून माथ्यापर्यंत तापमान एकच आहे. अशा वातावरणाला समतापी म्हणतात. खरं वातावरण तसं नसतं, हे थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मग हे सूत्र कितपत खरं ठरतं?

याची एक जुनी आणि सुंदर परीक्षा उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये क्लेरमाँ गावाजवळ प्वी द दोम नावाचा १,४६५ मीटर उंचीचा निजलेला ज्वालामुखी आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कलचा मेहुणा फ्लोराँ पेरिये पाऱ्याच्या नळ्या घेऊन त्यावर चढला. पास्कलने त्याला पत्र लिहून हे काम सोपवलं होतं. गावातल्या मठाच्या बागेत एक नळी तशीच उभी ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका साधूला बसवलं. दुसरी डोंगरावर नेली. बागेत पारा तेव्हाच्या फ्रेंच मापात २६ इंच साडेतीन रेषा इतका उभा राहिला, माथ्यावर २३ इंच दोन रेषा. एका इंचात १२ रेषा. म्हणजे खाली ३१५.५ रेषा, वर २७८. मठातल्या नळीतला पारा दिवसभर हलला नव्हता, म्हणून फरक हवामानाचा नसून उंचीचाच, हे निर्विवाद ठरलं. तुलनेसाठी खाली एक नळी सोडून जाण्याची ही खबरदारी मला त्या चढाईपेक्षाही मोलाची वाटते.

पेरियेकडे आपलं सूत्र नव्हतं. वायूचा दाब आणि आकारमान यांचा बॉइलचा नियम अजून यायचा होता, आणि त्यावरून दाब व उंची यांचं नातं एडमंड हॅलीने मांडलं ते १६८६ मध्ये. आपण मात्र त्याचे आकडे सूत्रात घालून पाहू शकतो. सूत्र उलटं केलं की उंची मिळते: h = H × ln(P₀/P). दाबांचं गुणोत्तर ३१५.५ भागिले २७८, म्हणजे १.१३५. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.१२६५. त्या भागातल्या सप्टेंबरासाठी हवेचं सरासरी तापमान १० अंश धरलं, तर H येतो ८,२८० मीटर. गुणाकार १,०४८ मीटर. क्लेरमाँ साधारण ४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे चढ हजाराहून थोडा जास्त, १,०६५ च्या आसपास. पावणेचारशे वर्षांपूर्वी पाऱ्याची नळी सांभाळत डोंगर चढलेल्या माणसाचे आकडे आजच्या सूत्रात दोन टक्क्यांच्या आत बसतात.

एक किलोमीटरच्या डोंगरावर तापमान कुठलं घ्यायचं याने फारसं बिघडत नाही. एव्हरेस्टवर बिघडतं. तिथली उंची H च्या जवळपास आहे, म्हणून H मधली प्रत्येक टक्क्याची चूक उत्तरातही जवळपास टक्क्याचीच चूक होऊन उतरते.

करून पाहू. किनाऱ्यावर पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर धरू. हवेचा सगळा स्तंभ २७ अंशांचा मानला, तर एव्हरेस्टवर २७७ मिलिमीटर येतात. १५ अंश मानला तर २६६. शून्य अंश मानला तर २५१. उणे १४ मानला तर २३७. सूत्र तेच, उंची तीच, फक्त T वेगळा, आणि उत्तरात चाळीस मिलिमीटरचा फरक.

मग खरं तापमान कुठलं? इथे थोडं थांबून नीट विचार करायला हवा, कारण सहज सुचणारं उत्तर चुकीचं आहे. शिखरावर हाडं गोठवणारी थंडी असते, म्हणून शिखराचं तापमान घालावं असं वाटतं. पण सूत्रातला T शिखराचा नाही. दाबाची घट ही वाटेतल्या प्रत्येक मीटरच्या हवेच्या वजनाने होते, म्हणून T हा तळापासून शिखरापर्यंतच्या सगळ्या हवेचा सरासरी तापमान असायला हवा. खालची हवा उबदार असेल तर ती फुगलेली, विरळ असते. तिचे ठोकळे हलके असतात. त्यामुळे चढताना दाब हळूहळू घटतो आणि माथ्यावर जास्त उरतो. खालची हवा थंड असेल तर ती दाट, जड असते, वाटेतच जास्त दाब खर्ची पडतो आणि माथ्यावर कमी पोचतो. गिर्यारोहकाला शिखरावर किती हवा मिळणार हे त्याच्या नाकाला झोंबणाऱ्या गारठ्यापेक्षा त्याच्या पायाखालच्या नऊ किलोमीटर हवेच्या उबेवर ठरतं.

नेमकं इथेच शास्त्रज्ञांची गल्लत होत होती. विमानांच्या उंचीमापकांसाठी एक प्रमाण वातावरण ठरवलेलं आहे. त्यात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर किलोमीटरला ते साडेसहा अंशांनी उतरतं. हे मध्यम अक्षांशांचं, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या हवेचं सरासरी चित्र आहे. त्यानुसार एव्हरेस्टच्या उंचीवर तापमान उणे साडेबेचाळीस होतं, आणि तळ व माथा यांची सरासरी उणे १४ च्या आसपास येते. या प्रमाण वातावरणाचा एव्हरेस्टसाठीचा दाब २३६ मिलिमीटर. आपण समतापी सूत्रात उणे १४ घालून २३७ काढले, तेही याच्या शेजारीच आहेत. यावरून समतापी सूत्राची ताकद कळते: तापमान उतरत असलं तरी योग्य सरासरी घातली की ते चोख चालतं. केल्विनमध्ये पाहिलं तर २८८ वरून २३० पर्यंतच उतार आहे, म्हणजे वीस टक्के. म्हणून सरासरीवर भागतं.

पण एव्हरेस्ट युरोपात नाही. तो २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, राजस्थानच्या बिकानेरच्या रेषेत. उष्ण कटिबंधाच्या जवळ हवेचा स्तंभ जास्त उबदार असतो. हे कागदावरचं अनुमान प्रत्यक्षात उतरलं ते २४ ऑक्टोबर १९८१ रोजी. शरीरशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांच्या नेतृत्वाखालच्या अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेतले डॉक्टर ख्रिस्तोफर पिझो शिखरावर पोचले आणि त्यांनी सोबत नेलेल्या छोट्या बॅरोमीटरवर आकडा वाचला: २५३ मिलिमीटर. प्रमाण वातावरणापेक्षा तब्बल १७ मिलिमीटर जास्त. उलटा हिशेब केला तर एव्हरेस्टखालच्या हवेचं सरासरी तापमान त्या दिवशी शून्याच्या थोडं वर, साधारण २ अंश येतं. उणे १४ आणि २, यांतल्या सोळा अंशांनी हे १७ मिलिमीटर दिले.

सतरा मिलिमीटर म्हणजे फारसं काही नाही, असं किनाऱ्यावर बसून वाटेल. फुप्फुसात मात्र वेगळा हिशेब चालतो. आपण हवा आत घेतो तेव्हा ती ओली होते, आणि शरीराच्या ३७ अंश तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो. हा आकडा मुंबईतही ४७ आणि एव्हरेस्टवरही ४७, कारण शरीर तितकंच गरम असतं. वाफ आपली जागा आधी घेते. उरलेल्यातला २१ टक्के प्राणवायू. मुंबईत ७६० मधून ४७ गेले आणि प्राणवायूच्या वाट्याला सुमारे १४९ आले. एव्हरेस्टवर २५३ मधून ४७ गेले की २०६ उरतात, त्यातला प्राणवायू ४३. दाब २३६ असता तर उरले असते १८९ आणि प्राणवायू साडेएकोणचाळीस. वाफ आपला हिस्सा कमी करत नसल्यामुळे सात टक्क्यांचा फरक आठ टक्क्यांचा झाला. माणसाचं शरीर ज्या ठिकाणी आधीच टोकाला पोचलेलं आहे, पावलागणिक थांबून श्वास घ्यावा लागतो आहे, तिथे आठ टक्के प्राणवायू कमी झाला तर नळकांड्याविना चढाई जवळपास अशक्यच ठरली असती, असं वेस्ट यांचं मत होतं. हाच पर्वत अलास्काच्या अक्षांशावर असता, तर मेसनर आणि हाबेलर यांना बहुधा अर्ध्यातून परतावं लागलं असतं.

ऋतूंचाही हाच खेळ आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर जानेवारीत सरासरी दाब २४३ मिलिमीटरच्या आसपास असतो, जुलै-ऑगस्टमध्ये २५५ च्या आसपास. शिखर जागचं हललेलं नसतं. खालची हवा ढोबळ मानाने बारा ते पंधरा अंशांनी थंड किंवा उबदार झालेली असते. म्हणून हिवाळ्यातला एव्हरेस्ट श्वासाच्या दृष्टीने आणखी उंच होतो. २२ डिसेंबर १९८७ रोजी आंग रिता शेर्पा नळकांड्याविना हिवाळ्यात माथ्यावर पोचले. त्या पराक्रमात वारा आणि गारठा सगळ्यांना दिसतो. कमी झालेले ते दहाएक मिलिमीटर सहसा कोणी मोजत नाही. माझ्या मते तेही मोजायला हवेत.

विमानातही या T मुळे जपावं लागतं. वैमानिकासमोरचं दाबावर चालणारं उंचीमापक मुळात बॅरोमीटरच असतं. ते दाब मोजतं आणि प्रमाण वातावरणाचं तापमान धरून उंची दाखवतं. हवा त्याहून थंड असेल तर दाब वाटेतच जास्त घटलेला असतो, म्हणून काटा दाखवतो त्यापेक्षा विमान खरं तर खाली असतं. तापमान दहा अंशांनी कमी असलं की साधारण चार टक्के चूक होते. डोंगराळ, थंड प्रदेशात उतरताना ही चूक जीवघेणी ठरू शकते, म्हणून तिथे वैमानिकांना थंडीची दुरुस्ती करावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चूक उलट्या बाजूला होते: विमान काट्यापेक्षा वर असतं.

जिथे सरासरीवर भागत नाही तिथे काय करतात? स्तंभाचे तुकडे करतात. भारतीय हवामान विभाग आणि जगभरातल्या अशा संस्था ठरलेल्या वेळी फुगे सोडतात, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. फुग्याला टांगलेलं यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता अशा नोंदी पाठवत राहतं. मग प्रत्येक पातळ थर समतापी मानून हेच सूत्र लावायचं आणि थरांची बेरीज करायची. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या रेणूचा भार १८ आणि हवेचा सरासरी २९. त्यासाठी T थोडा वाढवून घेतात. नकाशावर हवेचे थर काढायचं रोजचं काम अजून याच सूत्रावर चालतं.

हे सगळं स्वतः करून पाहायला आता पाऱ्याची नळी लागत नाही. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये बॅरोमीटर असतो आणि तो हेक्टोपास्कलमध्ये दाब दाखवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. किनाऱ्याजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर. इमारतीचा एक मजला चढलात की आकडा तीन-साडेतीन दशांशाने उतरताना दिसतो. पण खरी मजा कळसूबाईसारख्या डोंगरावर आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच, १,६४६ मीटरच्या शिखरावर. समजा पायथ्याशी फोनने ९२० दाखवले आणि माथ्यावर ८३७. गुणोत्तर १.०९९, त्याचा लॉगरिदम ०.०९४६. वाटेवरच्या हवेचं सरासरी तापमान २२ अंश असेल, तर H सुमारे ८,६३० मीटर. गुणाकार साधारण ८१६ मीटर. हा झाला चढ. तापमानात दहा अंशांची चूक केलीत, तर यात २८ मीटरांचा फरक पडेल.

तापमानापेक्षाही जास्त फसवतं ते घड्याळ. आपल्या अक्षांशांवर हवेच्या दाबाला दिवसाची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. या दोहोंमध्ये साधारण तीन हेक्टोपास्कलचा फरक पडतो. कुठलंही वादळ नको, निरभ्र आकाशातही हे रोज घडतं. सकाळी दहाला पायथ्याची नोंद घेऊन दुपारी चारला माथ्याची घेतलीत, तर डोंगर तीसेक मीटरने उंच निघेल. पावसाळी हवेत तर ढगांच्या येण्याजाण्याबरोबर आकडा आणखी हलतो. यावर उपाय पेरियेने १६४८ मध्येच दाखवून ठेवला आहे: खाली एक जण बसवा. सोबतचा एक मित्र पायथ्याच्या गावात चहा पीत थांबायला तयार असेल, तर त्याला दर अर्ध्या तासाने आपल्या फोनवरचा आकडा लिहायला सांगा. मात्र निघण्यापूर्वी दोघांचे फोन शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टिपून घ्या, कारण दोन फोनचे आकडे हमखास एक-दोन हेक्टोपास्कलने वेगळे असतात. मित्र नसेल तर चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर पायथ्याची नोंद घ्या, दोहोंवरून माथ्यावरच्या वेळेचा आकडा अंदाजा, आणि तापमान पायथ्याला व माथ्याला सावलीत मोजा. एवढं पाळलंत, तर फोनमधल्या सूत्राने काढलेली कळसूबाईची उंची नकाशातल्या उंचीपासून वीसेक मीटरांपेक्षा दूर जाणार नाही.